आखाजी ते बोर्डाची परीक्षा: खान्देशातील शालेय धावपटूसाठी वर्षभराच्या सरावाचे वेळापत्रक कसे आखावे

हा लेख नव्याने रुजू झालेल्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि मुलांना स्वतः मैदानावर घेऊन जाणाऱ्या पालकांसाठी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील बहुतेक शाळांत सराव जुलैअखेर, तालुकास्तरीय स्पर्धेचे पत्र आल्यावर सुरू होतो आणि हरल्याच्या दिवशी संपतो. या दोन दिवसांच्या मध्ये कानबाई, पोळा, गणपती, घटक चाचणी आणि पाऊस येतात, आणि ज्या मुलाकडून तीन महिन्यांच्या तयारीची अपेक्षा असते त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात पाच-सहा तुटक आठवडे येतात. सण आणि परीक्षा यांना अडथळा मानून सराव आखला तर तो असाच मोडतो. म्हणून आधी सण आणि परीक्षा कागदावर मांडावेत आणि सराव त्यांच्याभोवती बसवावा. शरीराला दर तीन-चार आठवड्यांनी हलका आठवडा लागतोच, आणि तो सणाच्या आठवड्यात टाकला तर काहीच बुडत नाही.

उदाहरण म्हणून चोपडा तालुक्यातील एका गावात राहणारी, शेतकरी घरातली, एप्रिल 2026 मध्ये नववी संपवून दहावीत जाणारी मुलगी समोर ठेवू. ती 17 वर्षांखालील गटात 1500 मीटर धावते, तिची सध्याची वेळ सहा मिनिटांच्या आसपास आहे, आणि जिल्हास्तरावर 5 मिनिटे 40 सेकंदांत धावण्याचे लक्ष्य तिच्यापुढे आहे. ही मुलगी कल्पनेतली असली, तरी तिचे वर्ष खान्देशातील कोणत्याही शाळकरी धावपटूच्या वर्षासारखेच आहे.

पहिली पायरी: न हलणाऱ्या गोष्टी शाईने लिहिणे

एका मोठ्या कागदावर सोमवार ते रविवार असे बावन्न आठवड्यांचे रकाने आखावेत. एप्रिलपासून सुरुवात करून पुढच्या मार्चपर्यंत जावे, कारण शाळकरी मुलाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. त्यात प्रथम सणांच्या तारखा पंचांगातून पाहून लिहाव्यात. मागच्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून लिहू नयेत. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती; 2026 मध्ये ज्येष्ठ अधिकमास असल्यामुळे ती 14 सप्टेंबरला येते. एरवी सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिकमासाच्या वर्षी एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. शाळा आणि स्पर्धा मात्र इंग्रजी महिन्यांवर चालतात. त्यामुळे गेल्या वर्षी तालुकास्तराआधी उरकलेला सण यंदा थेट जिल्हास्तराच्या तोंडावर येऊ शकतो, आणि जुना तक्ता वापरणाऱ्या शिक्षकाला ते सप्टेंबरात कळते.

आपल्या उदाहरणातील वर्षासाठी शाईने लिहायच्या तारखा अशा आहेत. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया 19 एप्रिलला. आषाढी एकादशी 25 जुलैला. नागपंचमी सोमवारी 17 ऑगस्टला, आणि कानबाई त्यानंतरच्या रविवारी, 23 ऑगस्टला. रक्षाबंधन 28 ऑगस्टला, पोळा 10 सप्टेंबरच्या आसपास, गणपती 14 ते 25 सप्टेंबर, दसरा 20 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. यातील प्रत्येक सण सरावाच्या दृष्टीने सारखा नसतो. रक्षाबंधनाला एक सकाळ जाते. कानबाईला मात्र सगळे भाऊबंद एकत्र येतात, आधीच्या दोन-तीन दिवसांपासून घराची झाडलोट आणि रोटांची तयारी असते, रात्र जागवली जाते आणि सोमवारी विसर्जन होते. मुलगी त्या चार दिवसांत मैदानावर येणार नाही हे धरूनच चालावे. दहा दिवसांच्या गणपतीत दिवस मोकळा असतो, पण झोप उशिरा होते. म्हणून सणाच्या तारखेसमोर नुसते नाव लिहिण्याऐवजी त्यात काय जाते ते लिहावे: एक सकाळ, चार दिवस, की दहा रात्रींची झोप.

परीक्षांचेही तसेच आहे. अलीकडे पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापर्यंत लांबतात. घटक चाचणी आणि प्रथम सत्राच्या तारखा शाळेच्या वार्षिक नियोजनात मिळतात. दहावीच्या सराव परीक्षा साधारणपणे जानेवारीत असतात. बोर्डाची लेखी परीक्षा 2025 मध्ये 21 फेब्रुवारीला सुरू झाली होती, म्हणून 2027 साठीही फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा काळ राखून ठेवावा आणि मंडळाचे अंतिम वेळापत्रक आले की तारीख पक्की करावी.

स्पर्धांच्या तारखा पेन्सिलने लिहाव्यात, आणि एक तारीख न लिहिता लवकरात लवकरची व उशिरात उशिराची अशा दोन तारखांमधली पट्टी रंगवावी. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात; आपल्या तिन्ही जिल्ह्यांचा विभाग नाशिक. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचे पत्रक येईपर्यंत आपण आपल्या तालुक्यातील मागच्या दोन-तीन वर्षांच्या तारखा विचारून पट्टी ठरवू शकतो. उदाहरणात तालुकास्तर 31 ऑगस्ट ते 13 सप्टेंबर आणि जिल्हास्तर 28 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर या पट्ट्यांत धरू.

शेवटी दोन गोष्टी अशा, ज्या कोणत्याही परिपत्रकात नसतात. एक म्हणजे ऊन आणि पाऊस: मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि जून-जुलैत काळ्या मातीचे मैदान पायाला चिकटते. दुसरी म्हणजे शेतीची कामे. जूनमधली पेरणी आणि दसऱ्यापासून पुढे चालणारी कापूस वेचणी ही मुलांच्या शरीरावरचा खरा भार आहे. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या मुलीच्या कमरेला आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना संध्याकाळी वेगाच्या धावा सोसत नाहीत. वेचणीचा दिवस तक्त्यात सरावाचा दिवस म्हणूनच मोजावा.

दुसरी पायरी: एकच मुख्य स्पर्धा निवडून मागे मोजणे

दहावीच्या वर्षात एकाच शिखराची योजना करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या मुलीसाठी ते शिखर जिल्हास्तर आहे. तालुकास्तर ही तिच्यासाठी वाटेतली चाचणी आहे, तर विभागस्तर हा जिल्ह्यात यश मिळाले तरच येणारा पुढचा टप्पा आहे. जो शिक्षक तालुकास्तरासाठीच सगळी धार लावतो त्याची मुले सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तम धावतात आणि महिन्याभराने जिल्ह्यात मंद पडतात.

जिल्हास्तराच्या पट्टीची लवकरची बाजू धरून 1 ऑक्टोबर ही कामचलाऊ तारीख घेऊ. तिथून मागे मोजत 4 मेच्या सोमवारपर्यंत आलो, तर स्पर्धेचा आठवडा धरून बावीस आठवडे मिळतात. त्यांची वाटणी शेवटाकडून करावी. शेवटचे दहा दिवस भार उतरवण्याचे. त्याआधीचे आठ आठवडे, म्हणजे 27 जुलै ते 20 सप्टेंबर, विशेष तयारीचे, ज्यात शर्यतीच्या वेगाच्या धावा येतात. त्याआधीचे सगळे बारा आठवडे पायाभरणीचे. नवख्या माणसाला हा पाया फार लांब वाटतो. पण सावकाश धावून कमावलेला दम हळू येतो आणि सराव थांबला तरी काही आठवडे टिकतो. वेगाची धार लवकर येते आणि थोड्याच दिवसांत बोथट होते. म्हणून दमाचे काम आधी आणि लांब, वेगाचे काम नंतर आणि आखूड, हा क्रम उलटवता येत नाही.

आता बावीस आठवड्यांत हलके आठवडे टाकू. हलका आठवडा म्हणजे सुट्टी नव्हे. त्यात एकूण धावण्याची मिनिटे साधारण एक तृतीयांशाने कमी करायची आणि कठीण सराव एकच ठेवायचा. सर्वसाधारण नियम तीन आठवडे चढता भार आणि चौथा हलका असा आहे, पण तो घड्याळाप्रमाणे पाळण्याची गरज नाही. सणासाठी दोनानंतर किंवा चारानंतर हलका आठवडा घेतला तरी चालतो. या मुलीच्या तक्त्यात चौथा आठवडा हलका येतो, कारण उन्हात महिनाभर धावून झालेले असते. मग 15 जूनपासूनचा सातवा, कारण शाळा उघडते आणि घरी पेरणीची धांदल असते. मग आषाढीचा बारावा. मग 17 ते 23 ऑगस्टचा सोळावा, ज्याच्या सोमवारी नागपंचमी आणि रविवारी कानबाई आहे. या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार तीनच दिवस सराव ठेवला की मुलगी घरच्या कार्यात मनापासून राहू शकते. मग 7 ते 13 सप्टेंबरचा एकोणिसावा, ज्यात पोळा आणि बहुधा तालुकास्तर आहे. कागदावर हे मांडल्यावर लक्षात येते, की पाच हलक्या आठवड्यांपैकी चार सण किंवा शाळा-शेतीच्या धांदलीने आधीच मोकळे करून ठेवलेले होते.

तिसरी पायरी: प्रत्येक टप्प्यात काय करायचे

13 एप्रिल ते 3 मे हा विसाव्याचा काळ आहे. नववीची परीक्षा आणि आखाजी दोन्ही यातच येतात. या तीन आठवड्यांत शिस्तबद्ध सराव ठेवू नये. झोके, खेळ, मामाच्या गावाला जाणे एवढे पुरे. मागच्या हंगामातील नडगीचे किंवा टाचेचे दुखणे शिल्लक असेल, तर ते बरे होण्यासाठी वर्षात यापेक्षा चांगली जागा नाही.

4 मेपासून पायाभरणी सुरू होते, आणि इथे सगळ्यात मोठी मर्यादा उन्हाची आहे. शरीराला उष्णतेत काम करण्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात चार दिवस, प्रत्येकी वीस मिनिटे, बोलता येईल इतक्या सावकाश धावावे आणि पहिले दोन आठवडे वेगाला हातच लावू नये. मैदानावर पहाटे सव्वापाचला यावे आणि पावणेसातपर्यंत संपवावे. संध्याकाळचा सराव मे महिन्यात टाळावा, कारण सूर्य मावळला तरी जमीन तापलेली असते. डोके दुखणे, उन्हात अंगावर काटा येणे, चक्कर किंवा मळमळ यांपैकी काहीही दिसले तर धावणे तिथेच थांबवून मुलाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर अंग थंड करत करतच दवाखाना गाठावा. एरवी लघवीचा रंग गडद असेल तर आदल्या दिवशी पाणी कमी पडले असे समजावे. हलका चौथा आठवडा सोडून दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटे वाढवत जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पहिल्या आठवड्यातील ऐंशी मिनिटांवरून सव्वाशेच्या आसपास पोहोचले की पुरे. आठवड्यातून दोनदा उठाबशा, पोटाचे व्यायाम आणि टाचा उचलण्याचा व्यायाम यांत घालावा. यासाठी साहित्य लागत नाही.

15 जूनपासून पाऊस गृहीत धरावा. ओल्या काळ्या मातीत बुटाखाली चिखलाचे थर साचतात, पाय वाकडा पडतो आणि घोटा मुरगळतो. गावाबाहेरचा मुरुमाचा रस्ता त्यासाठी चांगला. यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याचे सौम्य चढ जवळ आहेत. आठवड्यातून एकदा साठ-सत्तर मीटरच्या चढावर सहा ते आठ वेळा जोरात चढून चालत उतरणे हे या काळातील वेगाचे एकमेव काम असावे. जुलैअखेरीस आठवड्याची मिनिटे दीडशे ते एकशे ऐंशीपर्यंत जातात, पाच दिवसांत विभागून. मुसळधार पावसात एखादा दिवस गेला तर तो भरून काढू नये.

27 जुलैपासून विशेष तयारी. आता आठवड्यात दोन कठीण दिवस असतात, मंगळवार आणि शुक्रवार, आणि त्यांच्या मध्ये सावकाश धावण्याचे दिवस. 5 मिनिटे 40 सेकंदांच्या लक्ष्यासाठी 400 मीटरची फेरी सुमारे 91 सेकंदांत पडली पाहिजे. पहिल्या आठवड्यात अशा चार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटे चालत विश्रांती. नंतर पाच, मग सहा. शाळेचे मैदान 200 मीटरचे असेल तर फक्कीने आखून दोन फेऱ्या धराव्यात. दुसऱ्या कठीण दिवशी पंधरा-वीस मिनिटे सलग, दम लागेल पण तुटणार नाही अशा वेगाने धावावे. सहापैकी शेवटच्या दोन फेऱ्यांना 96-97 सेकंद लागू लागले, तर वेग वाढवण्याची जिद्द करू नये; त्या दिवशीचा सराव संपवावा, कारण त्यानंतर मुलगी शर्यतीच्या वेगाचा सराव करत नसून थकण्याचा करत असते.

तालुकास्तराला फक्त आधीचे तीन दिवस सावकाश धावून जावे. तिथे 5 मिनिटे 50 सेकंदांच्या आसपास वेळ आली तर तयारी रुळावर आहे.

शेवटच्या दहा दिवसांचा भार उतरवताना नवखे शिक्षक दोन टोकांच्या चुका करतात: काही जण शेवटपर्यंत दमवत राहतात, काही जण मुलाला पूर्ण बसवून ठेवतात. धावण्याची एकूण मिनिटे निम्म्याच्या आसपास आणावीत, पण सरावाचे दिवस फार कमी करू नयेत आणि वेग मुळीच कमी करू नये. म्हणजे 21 सप्टेंबरच्या आठवड्यात शंभर-एकशे दहा मिनिटे, त्यात एकदा 91 सेकंदांच्या तीनच फेऱ्या. स्पर्धेच्या आठवड्यात सोमवारी दोन फेऱ्या आणि बाकी वीस मिनिटांच्या हलक्या धावा. या वर्षी हे दिवस अनंत चतुर्दशीला, म्हणजे 25 सप्टेंबरला, येऊन मिळतात. धावणे कमी करण्यासाठी हे सोयीचे आहे, झोपेसाठी नाही. गणपतीचे दिवस असल्यामुळे सराव पहाटेऐवजी संध्याकाळी साडेपाचला ठेवावा, म्हणजे रात्री आरती, ढोल यांमुळे उशीर झाला तरी सकाळी मुलीला थोडे जास्त झोपता येते. विसर्जनाच्या दिवशी सराव ठेवूच नये. दुसऱ्या दिवशी सकाळीही नको.

चौथी पायरी: जिल्हास्तरानंतरच्या दोन वाटा

तक्त्यात इथे दोन ओळी आखाव्या लागतात. मुलगी विभागासाठी निवडली गेली, तर पाच दिवस हलके धावून दोन आठवडे प्रत्येकी एकच कठीण दिवस ठेवावा आणि शेवटी सहा दिवसांचा छोटा उतार द्यावा. या काळात प्रथम सत्राची परीक्षा असते, म्हणून सराव तीस-पस्तीस मिनिटांपेक्षा लांब नको. पाया पुन्हा बांधण्याचा मोह टाळावा. तो मेपासून बांधलेला आहे आणि एवढ्या काळात ढासळत नाही.

निवड झाली नाही, तर आठवड्यातून तीन सावकाश धावा ठेवून परीक्षा उरकू द्यावी, आणि दिवाळीच्या आगेमागे दहा-बारा दिवस पूर्ण विसावा द्यावा. वेचणी याच सुमारास जोरात असते, त्यामुळे अंग काही रिकामे राहत नाही. 16 नोव्हेंबरपासून पाच आठवडे पुन्हा सावकाश धावणे, आठवड्यात चार दिवस. खान्देशात धावण्यासाठी वर्षातील सर्वांत चांगली हवा हीच असते आणि शिक्षकाला भरपूर सराव घ्यावासा वाटतो. दहावीच्या मुलीकडून तो घेऊ नये. पहाटे पारा दहाच्याही खाली जाऊ शकतो, म्हणून सराव साडेसहाला सुरू करून अंग तापवायला पंधरा मिनिटे द्यावीत.

जिल्ह्यात किंवा पुढे यश मिळाले असेल, तर दहावीच्या क्रीडागुणांच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. त्याची मुदत आणि लागणारी प्रमाणपत्रे मुख्याध्यापकांकडून विचारून तक्त्यात शाईने लिहावीत. हे काम जानेवारीवर ढकलले तर ते सराव परीक्षेच्या गर्दीत राहून जाते.

पाचवी पायरी: परीक्षेच्या महिन्यांत टिकवून ठेवणे

जानेवारी ते मार्चमध्ये सराव पूर्ण बंद करण्याची पद्धत आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी नुकसानीची आहे. पूर्ण विश्रांतीत दोन आठवड्यांनंतर दमात मोजता येण्याजोगी घट सुरू होते. याउलट, आठवड्यातील सहा दिवसांचा सराव दोन दिवसांवर आणला, पण वेग आणि प्रत्येक वेळच्या धावण्याची लांबी तीच ठेवली, तर दम काही महिने जवळजवळ तसाच राहतो, असे 1980 च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत दिसले. म्हणून जिथे काटायचे तिथे दिवस काटावेत, वेग काटू नये.

मुलीच्या तक्त्यात जानेवारीत तीन दिवस, फेब्रुवारीत दोन किंवा तीन, प्रत्येकी पस्तीस मिनिटे. त्यांपैकी एका दिवशी चार फेऱ्या 95 सेकंदांच्या आत, बाकी सावकाश. लेखी परीक्षा सुरू झाल्यावर पेपरच्या दिवशी सकाळी धावू नये. दोन पेपरांमध्ये मोकळा दिवस असेल तर संध्याकाळी पंचवीस मिनिटे धावावे. घरच्यांना हे आधी समजावून सांगणे गरजेचे असते. लेखी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि आठवड्याचे जास्तीत जास्त पावणेदोन तासच जातात हे दाखवले, तर सहसा कुणी अडवत नाही.

2027 मध्ये रमजानचा महिना 8-9 फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल, म्हणजे रोजे आणि दहावीची परीक्षा एकत्र येतील. रोजा धरणाऱ्या मुलाला त्या काळात दोनच दिवस द्यावेत: एक इफ्तारच्या आधी अर्धा तास अगदी सावकाश, जेणेकरून संपताच पाणी पिता येईल, आणि दुसरा, वेगाचा, इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी. नंदुरबारच्या सातपुड्यातील आदिवासी मुलांसाठी हीच जागा होळीची आहे. भोंगऱ्या बाजारापासून होळीपर्यंत मुले आपल्या पाड्यावर जातात आणि रात्र-रात्र नाचतात. तो आठवडा तक्त्यात मोकळाच ठेवावा.

तक्ता बिघडतो तेव्हा

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे भरपाई. कानबाईत चार दिवस गेले म्हणून पुढच्या आठवड्यात दोन वेळा सराव घेतला, तर नडगीचे दुखणे जवळपास ठरलेलेच. चार दिवसांपर्यंत खंड पडला तर तक्ता जिथे आहे तिथून पुढे न्यावा, जणू काही झालेच नाही. पाच ते दहा दिवस गेले तर पहिला आठवडा आधीच्या दोन तृतीयांश मिनिटांवर ठेवावा. दोन आठवड्यांहून जास्त गेले, विशेषतः ताप येऊन गेला असेल, तर निम्म्यापासून सुरू करून तीन आठवड्यांत वर यावे, आणि वेगाचे काम तोवर थांबवावे.

भार जास्त होतो आहे हे ओळखण्यासाठी महागडे घड्याळ लागत नाही. मुलीने सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून एक मिनिट नाडी मोजावी आणि वहीत लिहावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, तेही सलग तीन दिवस, आणि सोबत झोप नीट नसेल, तर कठीण दिवस रद्द करून सावकाश धावावे. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. दुखणे हाडाच्या कडेने पसरलेले असेल, तर आठवडाभर मिनिटे निम्मी करून मऊ जमिनीवर धावून बघता येते. मुलींच्या बाबतीत मासिक पाळीची तारीखही त्याच वहीत असावी. ती महिनोन्महिने चुकू लागली तर बहुधा खाणे कमी पडते आहे, आणि तेव्हा सराव वाढवण्याऐवजी आहार आणि वैद्यकीय सल्ला यांकडे वळावे. वही मुलीकडेच राहावी आणि शक्यतो शिक्षिकेने किंवा आईने ती पाहावी.

जिल्हास्तराची तारीख पुढे ढकलली जाणे ही खान्देशात नित्याची गोष्ट आहे. परतीचा पाऊस झाला की मैदान चार दिवस वापरता येत नाही. एका आठवड्याने पुढे गेली, तर भार उतरवणे तिथेच थांबवून चार दिवस नेहमीच्या दोन तृतीयांश सराव घ्यावा, त्यात एक कठीण दिवस, आणि पुन्हा पाच दिवसांचा उतार द्यावा. दोन आठवडे किंवा अधिक पुढे गेली, तर आठ-दहा दिवस पूर्ण सरावावर परतावे आणि उतार नव्याने आखावा. उतार तसाच लांबवत नेला तर मुलगी ताजीतवानी दिसते, पण शेवटच्या फेरीत पाय उचलत नाही. म्हणूनच आपण सुरुवातीला पट्टीची लवकरची तारीख धरली होती: तारीख पुढे गेली तर सावरता येते, अलीकडे आली तर हातात काही उरत नाही.

पुढच्या वर्षाचा कागद

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की त्याच आठवड्यात, विसाव्याचा काळ सुरू होण्यापूर्वी, जुना तक्ता नव्या कागदाशेजारी ठेवून प्रत्यक्षात किती आठवडे आखल्याप्रमाणे गेले ते मुलीबरोबर बसून खुणा कराव्यात. ज्या सणाला एक दिवस धरला आणि चार गेले, तिथे नव्या कागदावर चार लिहावेत. तारखा मात्र पुन्हा पंचांगातूनच घ्याव्यात. 2026 चा अधिकमास आखाजीनंतर येतो, त्यामुळे 2027 मध्ये आखाजी एप्रिलमध्ये नसून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात असेल, म्हणजे विसाव्यात न येता पायाभरणीच्या पहिल्याच दिवसांत येईल. तेव्हा पायाभरणी आखाजीच्या दुसऱ्या दिवसापासून, 10 मेच्या सोमवारी सुरू करावी. गणपती 4 सप्टेंबरला, म्हणजे या वर्षाच्या दहा दिवस आधी येत असल्याने हलका आठवडा पोळ्याऐवजी गणपतीच्या शेवटच्या दिवसांत सरकवावा लागेल, आणि तालुकास्तराची पट्टी त्याच्यावर पडते का हे पेन्सिलने तपासून पाहावे.